भैंशाला न गेलेल्या गाठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मालकाला नाही, आणि ज्याला सांगायला पाहिजे होतं त्याला तर नाहीच. भैंशाच्या एका व्यापाऱ्याला मी चुकीचं बिल दिलं. त्यानं विचारलं तेव्हा ते बरोबरच आहे असं ठासून सांगितलं. पुढे ते चूक असल्याचं मला कळलं तेव्हा दुरुस्तीला मुदत शिल्लक होती, तरी मी गप्प राहिलो. चूक सगळ्यांकडून होते. गप्प राहणं मात्र मी रोज सकाळी उठून नव्यानं करत होतो.

जिंतूरच्या बाहेर, रस्त्याला लागून एक जिनिंग आहे. मी तिथं हिशेब बघतो. शेतकऱ्यांचा कापूस येतो, रेच्यांतून, म्हणजे पिंजणाऱ्या यंत्रांतून, सरकी एकीकडे अन् रुई दुसरीकडे होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या विकल्या जातात. हंगामात आवारात बारीक तंतू इतके उडत असतात की दुपारच्या उन्हात हवाच दिसायला लागते. ती खाली येत नाही, वर जात नाही, नुसती थांबून असते. माझ्या खोलीच्या खिडकीला जाळी आहे, तरी तंतू आत येतात आणि संगणकाच्या पडद्यावर चिकटतात. आकड्यांवरून हात फिरवून मी ते पुसतो. कधी कधी वाटतं, माझं सगळं आयुष्य असंच पांढऱ्या धुक्यात गेलं, आणि आतमध्ये आकडे तेवढे स्पष्ट होते.

त्या आकड्यांचा मला गर्व होता. जीएसटी आला तेव्हा तालुक्यातले सगळे हिशेबवाले गोंधळून गेले होते. मी परभणीला एका दिवसाच्या वर्गाला जाऊन आलो आणि येताना एक वाक्य घेऊन आलो: ट्रक जिथं रिकामा होतो ते राज्य बघायचं. माल आपल्या राज्यातून निघून आपल्याच राज्यात उतरला, तर कराचे दोन तुकडे करायचे, अर्धा केंद्राचा सीजीएसटी, अर्धा राज्याचा एसजीएसटी. गाठींवर पाच टक्के, म्हणजे अडीच आणि अडीच. माल दुसऱ्या राज्यात जाऊन उतरला, तर तुकडे नाहीत, पाचच्या पाच टक्के एकच कर, आयजीएसटी. ग्राहक कोणत्या गावचा, पैसे कुठल्या बँकेतून आले, ते बघायचं नाही. ट्रक कुठं रिकामा होतो तेवढं बघायचं.

वाक्य सोपं होतं आणि बहुतेक वेळा खरंही होतं. बाजारातले खतवाले, पाइपवाले, सोयाबीनवाले येऊन बसायचे, चहा व्हायचा, मी ते वाक्य म्हणायचो. लोक मान डोलवायचे. मालक माझी ओळख करून देताना सांगायचे, "आमचे हिशेबनीस म्हणजे वकिलाला पाणी पाजतेत." मी हसून नाही नाही म्हणायचो. पण ते ऐकायला मला आवडायचं, हे आता लिहायला हरकत नाही.

एका हिवाळ्यात भैंशाचे काका आले; नात्यातले नव्हे, बाजारात सगळे त्यांना काकाच म्हणायचे. भैंसा तेलंगणात आहे, पण तिथल्या बाजारात मराठी चालते, आणि काकांची मराठी आमच्यासारखीच, फक्त तिच्यात दखनीचा एखादा धागा जास्त. जन्मभर त्यांनी कापसाची दलाली केली होती. म्हणजे घेणारा वेगळा, विकणारा वेगळा, मधे हे बोलणारे. काळं जाकीट घालायचे. गाठीतून चिमूटभर रुई ओढायची, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ताणायची आणि उरलेला रेशा जाकिटाच्या बाहीवर ठेवून त्याची लांबी बघायची, ही त्यांची पद्धत. काळ्या बाहीवर पांढरा रेशा असा पडायचा की जणू कुणी अंधारात एक ओळ लिहिली. ते बघताना त्यांचा चेहरा झोपेतल्या माणसासारखा शांत व्हायचा.

त्या दिवशी ते म्हणाले, "साहेब, लय वर्सं लोकांच्याच नावानं बोललो. ह्या बारीला आपल्या सोताच्या नावानं घ्यायलोय. जीएसटीचा नंबर काढलाय."

मालकांनी विचारलं, म्हातारपणी हे काय सुचलं. काका म्हणाले, बायको म्हणते, जन्मभर दुसऱ्याच्या लग्नात वाजंत्री वाजवली, एखादं आपल्या घरचं लग्न करा की. सगळे हसले. मीही हसलो.

सौदा असा होता. गाठी काकांनी आमच्याकडून घ्यायच्या. पण काकांकडे वखार नव्हती, आणि त्या गाठी त्यांनी आधीच नांदेडकडच्या एका सूतगिरणीला विकलेल्या होत्या. तेव्हा आम्ही बिल काकांच्या भैंशाच्या पत्त्यावर करायचं आणि ट्रक मात्र थेट सूतगिरणीत पाठवायचा. काका आपलं वेगळं बिल गिरणीला करणार. एकच माल, एकच ट्रक, दोन बिलं. असं व्यापारात नेहमी चालतं. पण आमच्याकडे ते पहिल्यांदाच होत होतं.

मी बिल करायला बसलो. काकांचा नंबर टाकला. नंबरातले पहिले दोन आकडे तेलंगणाचे, ते ओळखून सॉफ्टवेअरनं आपोआप आयजीएसटी लावला. मी थांबलो. ट्रक तर नांदेडला जाणार. नांदेड महाराष्ट्रात. ट्रक जिथं रिकामा होतो ते राज्य. यंत्राला कुठं माहीत ट्रक कुठं चाललाय, असं मी मनाशी म्हणालो आणि 'पुरवठ्याचं ठिकाण' या रकान्यात तेलंगणा खोडून महाराष्ट्र निवडलं. पाच टक्क्यांची ओळ गेली, तिच्या जागी अडीच-अडीचच्या दोन ओळी आल्या. केंद्राचा, राज्याचा. मला समाधान वाटलं. यंत्रापेक्षा माणूस शहाणा, असं काहीतरी.

ट्रक निघाला तेव्हा ऊन कलतं होतं. गाठींवर पिवळट उजेड पडला होता. काका फाटकापाशी उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले, लेक सासरी निघाल्यासारखे. तो ट्रक परभणीवरून नांदेडकडे गेला. त्याच रस्त्यानं पुढे जात राहिलं तर भोकरवरून भैंसा येतं. पण तो पुढे गेला नाही, गिरणीतच रिकामा झाला. काकांनी बिलाचे सगळे पैसे दिले, करासकट.

पुढच्या महिन्यात काकांचा फोन आला. त्यांचं रिटर्न भरणारा म्हणत होता की या बिलावरच्या कराची वजावट मिळत नाही. पोर्टलवर बिल दिसतंय, पण शेजारी शेरा आहे: पुरवठ्याचं ठिकाण आणि विकणाऱ्याचं राज्य एकच, घेणाऱ्याचं राज्य वेगळं, सबब क्रेडिट नाही. जिंतूरच्या लोकांना बिल बदलून द्यायला सांगा, असं तो म्हणाला होता.

इथं कराची गोष्ट थोडी उलगडून सांगतो. व्यापारी माल घेताना जो कर देतो, तो त्याला विकताना भरायच्या करातून वजा करता येतो. पण महाराष्ट्रात लागलेले सीजीएसटी-एसजीएसटी तेलंगणातल्या नोंदणीवर वजा होत नाहीत. आयजीएसटी असता तर झाला असता. काकांना गिरणीच्या बिलावर आयजीएसटी भरायचा होता, कारण त्यांचा माल तेलंगणातल्या व्यापाऱ्याकडून महाराष्ट्रातल्या गिरणीला विकला गेला होता. वजावट मिळाली असती तर बहुतेक कर फिटला असता, नफ्यावरचा थोडासा वरून भरावा लागला असता. आता गिरणीकडून घेतलेला कर पूर्णच्या पूर्ण सरकारात भरायचा, आणि मला दिलेला बुडीत गेला. गाठींच्या धंद्यात नफा इतका बारीक असतो की पाच टक्क्यांत तो बुडून वर थोडं पाणी उरतं.

काका फोनवर एवढंच म्हणाले, "साहेब, तो पोरगा म्हणायलाय ते खरं हाय का? तुमी सांगाल तसं करतो."

आणि मी त्यांना शिकवलं. आवाजसुद्धा आठवतो माझा, संथ, वर्गात बोलल्यासारखा. म्हणालो, "काका, गाठी तुमच्या राज्यात गेल्याच नाहीत. ट्रक जिथं रिकामा होतो तिथला कर. बिल बरोबर आहे. तुमच्या माणसाला नियम माहीत नाही."

त्यांच्या मागे कुठंतरी बाजारातला गलका ऐकू येत होता. मग म्हणाले, "बरं. तुमी म्हन्लाव म्हनल्यावर झालं." त्यांनी कर भरला.

उन्हाळा आला. हंगाम संपला की जिनिंगमध्ये एक विचित्र शांतता पसरते. रेचे बंद, आवार रिकामं, कोपऱ्यांत साचलेली रुई वाऱ्यानं हलते, पण आवाज नाही. अशाच एका दुपारी गुजरातच्या एका व्यापाऱ्याकडून चौकशी आली. उरलेल्या गाठी त्याला हव्या होत्या, पण पाठवायच्या जालन्याकडे. अगदी काकांसारखाच सौदा. मी त्याच्या हिशेबनिसाला सांगितलं, अडीच-अडीच लावतो. तो हसला नाही, रागावला नाही. फक्त म्हणाला, असं चालणार नाही, आयजीएसटीच लावा, त्या कायद्याचं कलम दहा वाचा.

मी वाचलं. पंखा फिरत होता, आणि बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की खिडकी कोरी दिसत होती. कलमाच्या पहिल्याच भागात माझं वाक्य होतं: मालाची हालचाल जिथं संपते ते ठिकाण. पण त्याच्या खाली आणखी एक तुकडा होता. तिसऱ्या माणसाच्या सांगण्यावरून माल दुसऱ्याच कुणाला पोचवला, तर तो माल त्या तिसऱ्या माणसालाच मिळाला असं मानायचं, आणि पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे त्याच्या धंद्याचं मुख्य ठिकाण.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तिसरा माणूस म्हणजे काका. धंद्याचं मुख्य ठिकाण म्हणजे भैंसा. ट्रक गिरणीत रिकामा झाला होता, पण कायद्यानं बघितलं तर गाठी भैंशाला गेल्या होत्या, आणि तिथून काकांच्या बिलावर परत गिरणीत आल्या होत्या. एक प्रवास रस्त्यावरचा आणि दोन कागदावरचे. मी फक्त रस्त्यावरचा धरला. यंत्रानं बरोबर लावलेला कर मी हातानं खोडला होता.

तेव्हापासून तो ट्रक मला दिसायला लागला. झोपेतच असं नाही. दुपारी मान जड झाली की, गाडीवर घरी जाताना, कधी चारठाण्याच्या देवळात नातेवाइकांना घेऊन गेलो असताना खांबांच्या सावलीत बसल्या बसल्या. गाठी भरलेला ट्रक नांदेडला थांबत नाही. भोकर मागं पडतं, सागाची झाडं लागतात, राज्याची पाटी येते, आणि तो अलगद, आवाज न करता भैंशाच्या बाजारात शिरतो. तिथं काळं जाकीट घातलेला माणूस उभा असतो. पण गाठी उतरवायला लागतात तेव्हा प्रत्येक गाठ मोकळी सुटते, रुई वर उडते आणि सगळा बाजार पांढरा होतो. काकांच्या हाताला काही लागत नाही. ते माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, बरं.

जागेपणी मात्र सगळं अगदी कोरडं आणि सोपं होतं. दुरुस्ती करता येत होती. त्या आर्थिक वर्षाच्या बिलांची दुरुस्ती पुढच्या नोव्हेंबरअखेरपर्यंत पोर्टलवर होते, आणि काकांनाही वजावट तोवरच घेता येत होती. आम्ही आयजीएसटी नव्यानं भरायचा, चुकून भरलेल्या सीजीएसटी-एसजीएसटीचा परतावा मागायचा. अशा चुकीवर व्याजही लागत नाही. कायदा चूक करणाऱ्यावर फार कठोर नाही इथं. फक्त मालकांना काही काळ तेवढे पैसे अडकवावे लागले असते. आणि त्यांच्यापुढे उभं राहून मला सांगावं लागलं असतं की बिल माझ्या हातानं बिघडलं.

तेवढंच. वाचताना वाटेल, इतकंच होतं तर काय अडलं. मलाही तेच वाटतं. मी एकदा मालकांच्या खोलीपर्यंत गेलोही. आत परभणीचे दोन पाहुणे बसले होते, आणि मालक म्हणत होते, "या, या. ह्यांनाच इचारा. जीएसटीत ह्यांचा हात धरनारा जिल्ह्यात न्हाई." पाहुण्यांनी कसला तरी प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, ते बरोबर होतं, आणि मी परत येऊन बसलो. गुजरातचं बिल मी आयजीएसटीनं केलं, मुकाट्यानं. काकांचं तसंच ठेवलं. म्हटलं, दिवाळीनंतर बघू. दिवाळी झाली. नवा कापूस यायला लागला, हवा पुन्हा दिसायला लागली. नोव्हेंबर कधी संपला ते मला कळलं नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. मला तो दिवस कळला होता. मी दिवसभर दुसरी बिलं करत होतो.

त्या हंगामात काका आले ते पुन्हा दलाल म्हणून. सोबत हैदराबादचा एक खरेदीदार होता. काकांनी रुई ओढली, बाहीवर ठेवली, खरेदीदाराला दाखवली. व्यवहार झाल्यावर माझ्या खोलीत येऊन टेकले. मी चहा सांगितला. विचारायचं नव्हतं, पण विचारलं, स्वतःच्या नावाचं काय झालं. नंबर बंद केला म्हणाले. त्या एका ट्रकनंच सगळं गिळलं. भांडवल त्यांचं होतं कितीसं. जावयाकडून उसने घेतलेले होते, ते फेडले, आणि पुन्हा वाजंत्री हातात घेतली. बायको काय म्हणते, मी विचारलं. म्हणते, नवरदेव झालाव ते झालाव, आता घोड्यावरनं उतरा. ते स्वतःच हसले.

मग बशीत चहा ओतता ओतता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पन एक हाय साहेब. तुमचं बिल पक्कं होतं, म्हनून मन खात न्हाई. कायदाच तसा हाय म्हनल्यावर कुनाला बोल लावावा?"

खिडकीतून तंतू आत येत होते. एक त्यांच्या बशीच्या काठावर बसला, त्यांनी तो फुंकरीनं उडवला. तेव्हा मला बोलता आलं असतं. मुदत गेली होती, वजावट गेली होती, पण निदान कुणाला बोल लावायचा ते जाणून ते घरी गेले असते. मी म्हणालो, "हो काका, कायदाच तसा आहे."

ते उठले. दारात थांबून म्हणाले, भैंशाला या एकदा, आमच्या इथं बघायला काही न्हाई पन जेवायला लय हाय. मी येतो म्हणालो.

त्यानंतरही ते येत राहिले. दर हंगामात एखाद-दोनदा. त्यांचे रेशे तसेच बारीक, नजर थोडी मंदावलेली. आता बाही डोळ्यांच्या जवळ धरून बघतात. बाजारातले लोक अजून माझ्याकडे विचारायला बसतात. मी आता ते वाक्य म्हणत नाही. बिल कुणाच्या नावावर आणि माल कुणाच्या सांगण्यावरून जातोय, ते आधी विचारतो. लोकांना वाटतं मी हळू झालो, वय झालं. असेल. कुणी घाई केली तर सांगतो, सॉफ्टवेअरनं लावलेला कर खोडायच्या आधी कलम पूर्ण वाचा, पहिल्या ओळीवर उठू नका. मी असं का म्हणतो हे कुणी विचारत नाही.

हे लिहायला बसलो ते या वर्षी काका आले नाहीत म्हणून. फोन केला, त्यांच्या बायकोनं उचलला. बरे आहेत, गुडघे धरलेत, एसटीत चढवत नाही, म्हणाल्या. आणि हसून पुढे म्हणाल्या, जिंतूरच्या साहेबांचं फार सांगतेत, तुमचा लय भरोसा त्यांना. मी तब्येतीला जपायला सांगितलं आणि फोन ठेवला.

त्या बिलावर त्यांनी मला दिलेला पाच टक्के कर मी त्यांचं देणं लागतो. मालक नव्हे, सरकार नव्हे, मी. आणि ते देताना भैंशाला जाऊन, त्यांच्या समोर बसून, कायदा तसा नव्हता, मी तसा होतो, हे सांगणं लागतो. यातलं अजून काहीच दिलेलं नाही.